वाड्याच्या ग्रुपचा सारांश : चारशे निरोपांतून काय घ्यावे, काय वगळावे

हरमलसारख्या किनारी गावात वाड्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे आता चावडीचेच दुसरे रूप झाले आहे. नळ कोरडा पडला, रस्त्यावर भाड्याच्या दुचाकी आडव्या लागल्या, देवळाच्या उत्सवाची वर्गणी ठरवायची झाली, की पहिली चर्चा तेथेच होते. मात्र वाड्यातील सगळेच लोक वाड्यात नसतात. कोणी मुंबईला असतो, कोणी आखातात, कोणी जहाजावर. तीन-चार दिवसांनी फोनला रेंज मिळते तेव्हा त्याच्यापुढे चारशे न वाचलेले निरोप उभे असतात. मग तो सगळे संभाषण एका फाइलमध्ये काढतो, ते गावातील एखाद्या जाणत्याकडे पाठवतो आणि खाली एकच शब्द लिहितो : ‘सारांश’.

कशाचा, कोणासाठी, किती लांबीचा, हे त्या शब्दात काहीच नसते. ते सारांश करणाऱ्याने ठरवायचे असते. शिवाय फाइलमध्ये पाण्याच्या टँकरबरोबर बांगड्यांचा भाव असतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात आणि रात्री साडेदहाला कोणी कोणाच्या दारूवरून काढलेले उणेदुणेही असते. सारांश मूळ संभाषणापेक्षा अधिक लोक वाचतात आणि तो अधिक काळ टिकतो. म्हणून त्यात चुकून गेलेले एक वाक्य गावात वस्तुस्थिती म्हणून फिरू लागते.

पुढील विवेचनासाठी नमुन्यादाखल एक फाइल रचली आहे. विषय पेडणे तालुक्याला उन्हाळ्यात नेहमीचाच : पाणी. चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारे पाणी टोकाच्या वाड्यांवर मे महिन्यात कमी दाबाने पोहोचते, आणि वर्गणी काढून टँकर मागवण्याची वेळ येते. फाइलचा कालावधी १२ ते १५ मे, निरोप ४१२, ग्रुपचे सदस्य ६३. त्यातील माणसे काल्पनिक आहेत. फाइलची ठेवण मात्र व्हॉट्सअ‍ॅपची आहे.

फाइल आधी पारखून घ्यावी

अँड्रॉइड फोनवर `Export chat` ने काढलेली फाइल साधारण अशी दिसते :

```
12/05/25, 9:14 pm - अण्णा: टँकर सांगूया. घरामागे 200 काढले तर जाता
12/05/25, 9:16 pm - वहिनी: 200 पुरो जावचे नात
12/05/25, 9:20 pm - अण्णा: टाकीची मोटर सकाळी बघून घेशील?
12/05/25, 9:58 pm - टकलो प्लंबर: हो
12/05/25, 10:03 pm - भाऊ मुंबई: <Media omitted>
```

या पाच ओळींतच सारांश करणाऱ्याच्या बहुतेक अडचणी आहेत. पहिली तारखेची. `12/05/25` म्हणजे १२ मे की ५ डिसेंबर, हे फाइल काढणाऱ्याच्या फोनच्या मांडणीवर अवलंबून असते. फाइलमध्ये पुढे `13/05` आले की शंका मिटते, कारण तेरावा महिना नसतो. मात्र फाइल एकाच दिवसाची असेल तर विचारून घेणे बरे.

दुसरी अडचण होकाराची. प्लंबरचा ‘हो’ कशाला? दोनशे रुपयांना, ते पुरणार नाहीत या म्हणण्याला, की मोटर पाहण्याला? फोनवर एखाद्या निरोपाला उत्तर देताना मूळ निरोप वर चौकटीत दिसतो. फाइलमध्ये ती चौकट येत नाही, सगळे निरोप केवळ वेळेच्या क्रमाने एकाखाली एक लागतात. येथे मोटरीचा प्रश्न प्लंबरलाच विचारण्याजोगा आहे, म्हणून ‘हो’ त्याचाच असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या दिवशीच्या निरोपात ‘मोटर बघितली, वायंडिंग गेले’ असे सापडले की तो संभव खात्रीत बदलतो. असा दुसरा पुरावा मिळेपर्यंत तो ‘हो’ वर्गणीच्या खात्यात जमा करू नये.

निरोपावर उमटवलेले अंगठे आणि हृदयेही फाइलमध्ये येत नाहीत. ग्रुपवर पंचवीस जणांनी अंगठा दाखवून मान्य केलेली गोष्ट फाइलमध्ये कोणीच न उचललेली सूचना वाटते. त्यामुळे ‘प्रतिसाद मिळाला नाही’ हे वाक्य फाइलवरून लिहिता येत नाही. ‘लेखी प्रतिसाद नाही’ एवढेच लिहिता येते.

तिसरी अडचण `<Media omitted>` या शब्दांची. त्या जागी टँकरवाल्याच्या पावतीचे छायाचित्र असू शकते, शुभेच्छापत्र असू शकते किंवा दोन मिनिटांचा बोललेला निरोप. आयफोनच्या फाइलमध्ये निदान `image omitted` की `audio omitted` हे कळते, अँड्रॉइडच्या फाइलमध्ये तेही नाही. गावात वयस्कर माणसे टंकत नाहीत, बोलून पाठवतात. त्यामुळे केवळ मजकुरावरून केलेला सारांश हा टंकणाऱ्यांचा सारांश ठरतो आणि ज्यांच्या घरी पाणी भरायला दुसरे कोणी नाही त्यांचाच आवाज त्यातून गळतो. ४१२ पैकी ३८ निरोप असे असतील, तर फाइल देणाऱ्याकडून बोललेले निरोप मागून ऐकावेत. ते शक्य नसेल तर ‘३८ निरोपांतील चित्रे व ध्वनी पाहिले-ऐकलेले नाहीत’ अशी नोंद सारांशात करावी.

फाइलची सुरुवातही पाहावी. ग्रुपमध्ये उशिरा आलेल्या सदस्याच्या फाइलमध्ये त्याच्या प्रवेशापूर्वीचे संभाषण सहसा नसते. फार जुन्या ग्रुपची फाइल तर पूर्ण निघतही नाही : व्हॉट्सअ‍ॅपच्या मर्यादेनुसार चित्रांसह अलीकडचे १०,००० आणि चित्रांविना ४०,००० निरोपच बाहेर काढता येतात.

‘जाता’, ‘येना’ आणि ‘परवा’

पेडण्याच्या ग्रुपची भाषा एक नसते. मराठी आणि कोकणी एकाच वाक्यात येतात, त्यातही निम्मे लोक रोमन लिपीत लिहितात. वरच्या नमुन्यातील ‘जाता’ मराठी वाचकाला ‘जातो’च्या जवळचे वाटेल. अण्णांना मात्र ‘चालेल, भागेल’ असे म्हणायचे आहे. रोमन लिपीतील `yena` तर अर्थ पुरता उलटवू शकते. कोकणीत ‘येना’ म्हणजे येत नाही. मराठीत ‘ये ना’ म्हणजे आग्रहाने ये. `Baithkek tu yena?` या ओळीत सुरुवातीच्या शब्दाचे रूप कोकणी आहे, म्हणून ‘बैठकीला तू येत नाहीस?’ हा अर्थ धरायचा. सारा निवाडा शेजारच्या शब्दावर होतो. एकटे `yena` आले तर लिहिणारा एरवी कोणत्या भाषेत लिहितो हे त्याच्या मागच्या पाच-दहा निरोपांवरून पाहावे लागते.

दिवसांचे शब्दही फसवतात. मराठीतील ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. सारांशात ‘परवा’, ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द ठेवूच नयेत, तारीख काढून लिहावी, कारण सारांश वाचणारा तो कधी वाचेल हे ठाऊक नसते. आणि मध्यरात्र उलटल्यावर लिहिलेल्या ‘उद्या’कडे विशेष लक्ष द्यावे :

```
13/05/25, 12:25 am - दादा: उद्या 7 ला टाकीकडे येतो
13/05/25, 7:20 am - दादा: टाकीकडे कोणूच ना
```

न झोपलेल्या माणसाचा दिवस घड्याळाप्रमाणे बदलत नाही. फाइलमधील तारखेवरून ‘उद्या’ म्हणजे १४ मे ठरतो, पण दादा १३ तारखेच्या सकाळीच टाकीपाशी उभा आहे.

काय महत्त्वाचे, हे कोणी ठरवायचे?

‘सारांश’ एवढेच लिहून आले असता पुष्कळजण फाइल वरून खाली वाचतात आणि जे जास्त बोलले गेले ते जास्त लिहितात. नमुन्याच्या फाइलमध्ये असे केले तर निम्मा सारांश १४ मेच्या रात्रीच्या भांडणाचा होईल, कारण त्या पावणेदोन तासांत १३० निरोप पडले आहेत. टँकरची वेळ मात्र एकाच निरोपात आली आहे, तीही कोणी उत्तर न दिलेल्या. निरोपांची संख्या हे महत्त्वाचे माप नव्हे.

खरे माप हे की, गैरहजर सदस्याने हा मजकूर वाचला नाही तर त्याचे काय अडेल. त्याला पैसे पाठवायचे आहेत का, किती, कोणाकडे, कधीपर्यंत? त्याच्या घरच्यांना कोठे, केव्हा हजर राहायचे आहे? त्याचे मत अजून मागितले जात आहे का, की गोष्ट ठरून गेली? या प्रश्नांना लागणारे उत्तर एका ओळीत असले तरी ते वर आले पाहिजे. ज्याने त्याचे काही अडत नाही ते शंभर निरोपांचे असले तरी खाली जाते किंवा गळते. मागणाऱ्याला ‘सारांश कशासाठी हवा’ असे उलट विचारणे शक्य असेल तर उत्तमच. पण तो जहाजावर असेल आणि रेंज तासाभराचीच असेल, तर गैरहजर सदस्य हाच वाचक धरून लिहून टाकावे आणि आपण काय धरले ते एका ओळीत सांगावे.

यासाठी फाइल शेवटाकडून वाचणे सोयीचे पडते. चर्चेत आकडे बदलत जातात. १२ मे रोजी अण्णा २०० म्हणतात, १३ला कोणी ३०० सुचवतो, १४ला संध्याकाळी अण्णाच लिहितात, ‘मग २५० धरूया, कोणाचे काही नसेल तर हेच’. वरून वाचणाऱ्याच्या डोक्यात २०० पक्के बसतात. शेवटाकडून वाचणाऱ्याला आधी २५० भेटतात आणि मग मागे जाऊन ते कसे ठरले एवढेच पाहावे लागते.

पण २५० ‘ठरले’ का? अण्णांच्या निरोपानंतर चौघांनी ‘हो’ किंवा ‘जाता’ लिहिले, कोणी विरोध लिहिला नाही, ५८ जण गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे संमती हे ग्रामसभेतही सहज धरले जात नाही, ठराव मांडणारा आणि त्याला अनुमोदन देणारा इतिवृत्तात नोंदवावा लागतो. ग्रुपला तसा कोणताच नियम नसतो. म्हणून सारांशात ‘घरामागे २५० रुपयांचा प्रस्ताव, चौघांचा लेखी होकार, लेखी विरोध नाही’ असे लिहावे. ‘सर्वानुमते २५० ठरले’ असे लिहिण्याचा अधिकार सारांश करणाऱ्याला नाही. हा काटेकोरपणा कोणाला शब्दच्छल वाटेल, पण वर्गणी मागायला दारात गेल्यावर ‘आम्ही कधी कबूल केले?’ हा प्रश्न याच एका शब्दावरून उठतो.

मतदान झाले असेल तर काम सोपे होते, कारण त्याचे आकडे फाइलमध्ये येतात :

```
15/05/25, 8:02 am - वहिनी: POLL:
रविवारी 18 तारखेला देवळाकडे बैठक, किती वाजता?
OPTION: सकाळी 10 (9 votes)
OPTION: संध्याकाळी 5 (21 votes)
```

हे आकडे फाइल काढली त्या क्षणाचे असतात, नंतर बदलू शकतात. येथे मात्र दुपारी वहिनींनीच ‘५ वाजता पक्के’ असे लिहिले आहे, त्यामुळे ‘बैठक १८ मे, संध्याकाळी ५, देवळापाशी’ हे निःशंकपणे लिहिता येते. अख्ख्या फाइलमध्ये ‘ठरले’ हा शब्द ज्याला लावता येईल अशी ही एकच गोष्ट आहे.

वैयक्तिक शेरे

आता १४ मेची रात्र. साडेनऊला दादाने लिहिले की गेल्या वर्षीच्या टँकरचा हिशेब कोणी दिला नाही आणि एका टँकरचे पाणी वाड्यात न येता पर्यटकांच्या खोल्यांकडे गेले. अण्णांनी ते खोडून काढले. मग एकाने अण्णांच्या पिण्यावर शेरा मारला, दुसऱ्याने दादाच्या किनाऱ्याकडील खोल्यांना परवाना आहे का असे विचारले. दोन निरोप पुसले गेले. सव्वाअकराला अण्णांनी लिहिले, ‘रविवारी वही घेऊन येतो, सगळ्यांनी बघा’.

यातील दारूचा शेरा गाळावा, हे कोणीही सांगेल. कठीण भाग हिशेबाचा आहे. तो आरोप आहे, एका माणसावर आहे आणि फाइलमध्ये त्याला पुरावा नाही. पण तो गाळला तर गैरहजर सदस्याला रविवारच्या बैठकीत वही का उघडली जात आहे हेच कळणार नाही. येथे शेरा आणि मुद्दा वेगळे करावे लागतात. मुद्दा असा की गेल्या वर्षीच्या टँकर-वर्गणीच्या हिशेबाबद्दल शंका उपस्थित झाली, संबंधितांनी ती नाकारली आणि १८ तारखेला हिशेबाची वही मांडण्याचे मान्य केले. तिन्ही भाग एकाच वाक्यात हवेत. शंका पहिल्या परिच्छेदात आणि नकार शेवटी टाकला, तर वाचक मधल्या मध्येच निकाल देऊन मोकळा होतो. क्रियापदही जपून वापरावे. ‘पाणी खोल्यांकडे गेल्याचे समोर आले’ हा निष्कर्ष झाला, ‘गेल्याचा आक्षेप एका सदस्याने घेतला’ ही नोंद झाली.

खोल्यांच्या परवान्याचा प्रश्न हरमलमध्ये आणखी जपून हाताळावा लागतो. गिरकरवाड्यातील किनारपट्टीवरील बांधकामांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. अशा गावात ‘अमक्याच्या खोल्या बेकायदा’ हे तीन शब्द भांडणाच्या भरात पडले तरी हलके राहत नाहीत. टँकरच्या निर्णयाशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा ते सारांशात येण्याचे कारणही नाही. ज्याला तक्रार करायची आहे त्याच्यासाठी पंचायत आहे. दोन बाजूंचे शेरे समसमान देऊन तोल साधतो असेही नाही. दोन्ही गाळणे हाच येथे तोल आहे.

पुसलेल्या निरोपांच्या जागी फाइलमध्ये `This message was deleted` एवढेच उरते. त्यात काय असावे याचा तर्क आजूबाजूच्या संतापावरून करता येतो, आणि तो लिहिण्याचा मोहही होतो. लिहू नये. ज्याने निरोप मागे घेतला त्याने तो बोलायचा नाही असेच ठरवले आहे.

याला एक अपवाद आहे. शेरा धमकीचा असेल, किंवा एखाद्या स्त्री सदस्याविषयी अश्लील असेल, तर ‘वैयक्तिक गप्पा’ म्हणून तो गुपचूप गाळणे म्हणजे झालेले झाकणे होय. गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपमध्ये २०१६ मध्ये असेच घडले होते. सदस्याने ग्रुपमधील स्त्रीविषयी अश्लाघ्य भाषा वापरली आणि त्याला काढून टाकले नाही म्हणून ग्रुपच्या प्रमुखावरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये प्रमुखावरील कारवाई रद्द केली. सदस्याच्या मजकुरासाठी, समान हेतू दिसल्याशिवाय, प्रमुखाला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लिहिणाऱ्याची जबाबदारी त्याने पुसली गेली नाही. सारांशातही असे शब्द पुन्हा लिहू नयेत, पण मागणाऱ्याला स्वतंत्रपणे कळवावे की अमुक तारखेच्या अमुक वेळेचे निरोप त्याने स्वतः पाहावेत. अशा वेळी मूळ संभाषण जपून ठेवावे लागते. सारांश हा पुरावा म्हणून कोठेही चालत नाही.

फाइलमधील नावांतही एक शेरा लपलेला असतो. फाइलमध्ये नावे उमटतात ती काढणाऱ्याने आपल्या फोनमध्ये साठवलेली, आणि न साठवलेल्यांचे नुसते क्रमांक. ‘टकलो प्लंबर’ हे नाव त्या माणसाने स्वतः घेतलेले नाही. ते सारांशात जसेच्या तसे गेले आणि सारांश ग्रुपवर पडला, तर एका मित्राची खाजगी थट्टा ६३ जणांपुढे येते. ‘वहिनी’ हीसुद्धा काढणाऱ्याची वहिनी, वाचणाऱ्याची काकी असेल. म्हणून नावे गावात चालणारी घ्यावीत किंवा कामावरून ओळख द्यावी : मोटर दुरुस्त करणारे, टाकीची चावी सांभाळणाऱ्या. क्रमांक तर कधीच देऊ नयेत.

बांगड्यांच्या भावात दडलेली चावी

आडगप्पा गाळाव्यात हे खरे, पण न वाचता गाळू नयेत. १५ मेच्या सकाळी बांगडे स्वस्त झाल्याची वीस निरोपांची चर्चा आहे. तिच्या मध्येच वहिनी लिहितात की सोमवारी त्या बांबोळीला जाणार, कसलीशी तपासणी आणि कदाचित छोटी शस्त्रक्रिया, टाकीची चावी धाकट्या मुलीकडे असेल. त्याखाली लगेच कोणीतरी सुरमईचा भाव विचारला आहे. टाकी उघडणार कोण, हे सांगणारा अख्ख्या फाइलमधील हा एकमेव निरोप. ‘मासळीच्या गप्पा’ म्हणून तो भाग ओलांडणाऱ्याच्या हातून चावी निसटते.

तो निरोप घेताना अर्धा घ्यायचा. सोमवार, १९ मे रोजी टाकीची चावी धाकट्या मुलीकडे, एवढे पुरे. तपासणी आणि शस्त्रक्रिया हे शब्द गाळावेत, पण तेवढ्याने भागत नाही. ‘बांबोळीला गेल्याने’ असे लिहिले तरी गोव्यातील प्रत्येकजण वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ असेच समजतो. गावाच्या नावातच आजार सांगितला जातो. वहिनींनी ते ग्रुपवर आपणहून लिहिले हे खरे, परंतु माशांच्या गप्पांत, ओळखीच्या माणसांत सांगितलेले आणि ठळक मुद्द्यांत छापलेले यांत फरक आहे.

वाढदिवस, शुभेच्छा, पुढे ढकललेले विनोद, फुटबॉल हे सारे एका वाक्याचेही धनी नाही. मृत्यूची बातमी मात्र आडगप्पांतली असली तरी ठेवावी. गैरहजर माणसाला पाण्याआधी तीच कळायला हवी असते, आणि सुतकामुळे त्या घरचे बैठकीला नसतील हाही व्यवहाराचा भाग आहे.

हातात पडणारा मजकूर

घाईत केलेला सारांश असा उतरतो : ‘टँकरसाठी घरामागे २०० ठरले. प्लंबर तयार. गेल्या वर्षी पाणी खोल्यांना विकल्यावरून अण्णा आणि दादात जोरदार भांडण, अण्णांच्या पिण्याचा विषयही निघाला. वहिनी शस्त्रक्रियेसाठी बांबोळीला. रविवारी बैठक.’ तो वाचायला चटपटीत आहे. त्यात आकडा चुकीचा आहे, होकार चुकीच्या प्रश्नाला लावला आहे, आक्षेप वस्तुस्थिती झाला आहे, एका स्त्रीचा आजार जाहीर झाला आहे आणि बैठकीची वेळ नाही.

त्याच फाइलवरून असा मजकूर करता येतो :

‘१२ ते १५ मे, ४१२ निरोप. गैरहजर सदस्यासाठी. बैठक रविवार, १८ मे, संध्याकाळी ५ वाजता, देवळापाशी (ठरले, मतदान २१ विरुद्ध ९). टँकरची वर्गणी घरामागे २५० रुपये असा शेवटचा प्रस्ताव, चौघांचा लेखी होकार, लेखी विरोध नाही. पैसे कोणाकडे द्यायचे हे निरोपांत आलेले नाही. पहिला टँकर मंगळवार, २० मे, सकाळी ७ वाजता येईल असे एका सदस्याने कळवले आहे, त्याला दुजोरा नाही. टाकीची मोटर नादुरुस्त, वायंडिंग गेल्याचे पाहणाऱ्यांनी कळवले, खर्च अजून कळलेला नाही. सोमवारी, १९ मे रोजी टाकीची चावी नेहमीच्या घरीच, धाकट्या मुलीकडे. गेल्या वर्षीच्या टँकरच्या हिशेबाबद्दल एका सदस्याने शंका घेतली, ती नाकारण्यात आली, हिशेबाची वही बैठकीत मांडली जाणार आहे. ३८ निरोपांतील चित्रे व ध्वनी पाहिलेले नाहीत. वैयक्तिक शेरे व इतर गप्पा वगळल्या आहेत.’

शेवटची दोन वाक्ये अनेकांना अनावश्यक वाटतात. पण त्यांच्याविना वाचक समजतो की फाइलमध्ये आणखी काही नव्हतेच. काहीतरी गाळले आहे हे कळले की ज्याला गरज वाटेल तो मूळ संभाषण उघडेल. ‘पैसे कोणाकडे द्यायचे हे निरोपांत आलेले नाही’ हे वाक्यही असेच उपयोगी आहे. ४१२ निरोपांत जे कोणी बोललेच नाही, ते फक्त सगळी फाइल एकदम वाचणाऱ्यालाच दिसते.

असा सारांश मागणाऱ्याकडेच पाठवावा. ग्रुपवर टाकायचा की नाही हे त्याने ठरवावे, आणि टाकण्यापूर्वी हिशेबाचे वाक्य त्यातील दोघांनाही दाखवलेले बरे. कोणी हरकत घेतली तर मजकूर गुपचूप बदलू नये. ‘१६ मे, दुरुस्ती’ असे लिहून नवे वाक्य खाली जोडावे, कारण पहिला मजकूर तोवर दहा फोनांत पोहोचलेला असतो. मूळ फाइलमध्ये लिहिणाऱ्यांची नावे किंवा क्रमांक असतात. धमकी किंवा तक्रारीसारखे कारण नसेल तर काम झाल्यावर ती फोनमधून काढून टाकावी. पाठवलेल्या ई-मेलमध्ये आणि `Downloads` मध्ये राहिलेली तिची दुसरी प्रतही विसरू नये.